सत्तर-तीसचा हिशेब

सरकारी काम कोणाला मिळतं, असं विचारलं तर बहुतेक जण एकच उत्तर देतात: ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याला. कंत्राटदारांच्या बोलीत हा 'एल-वन'. शाळेची बाकं घ्यायची असोत की रस्त्याचं डांबरीकरण करायचं असो, नेमकं काय हवं ते मोजमापासह लिहून देता येतं, म्हणून तिथे कमी दराचा नियम बऱ्यापैकी चालून जातो. पण नगरपरिषदेला भुयारी गटार योजनेसाठी सल्लागार नेमायचा असेल तर? तो आराखडा करणार, अंदाजपत्रक बनवणार, ठेकेदाराच्या कामावर देखरेख ठेवणार. त्याने उतार चुकीचा धरला तर ते पाइप गाडल्यावर कळतं, आणि तेव्हा रस्ते पुन्हा खोदण्याचा खर्च त्याच्या फीच्या कितीतरी पट असतो. अशा कामात नुसता दर बघून माणूस निवडणं महागात पडतं.

म्हणून अशा निविदांना दोन बाजूंनी गुण देतात. तांत्रिक प्रस्तावाला वेगळे, दराला वेगळे, आणि आधी ठरवलेल्या वजनाने दोन्हींची बेरीज. कार्यालयात या पद्धतीला 'क्यूसीबीएस' म्हणतात, म्हणजे गुणवत्ता आणि खर्च दोन्ही पाहून केलेली निवड. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधल्या नियम 192 मध्ये ती सांगितली आहे. गुणवत्तेला आणि दराला किती वजन द्यायचं हे कामागणिक ठरतं. 70:30, 60:40, 50:50 ही उदाहरणं नियमातच आहेत. गुणवत्तेचं वजन 80 टक्क्यांच्या वर न्यायला मात्र मनाई आहे. ही मुभा मूळ सल्लागार सेवांपुरती होती. ऑक्टोबर 2021 मध्ये अर्थ मंत्रालयाने ती काही अटींवर बांधकामं आणि इतर सेवांनाही दिली, पण तिथे गुणवत्तेचं वजन 30 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. हे नियम केंद्राच्या खात्यांचे. राज्यं आणि पालिका आपापल्या नियमांनी चालतात, तरी पद्धतीचा सांगाडा सगळीकडे हाच आहे.

ऐकायला सोपी वाटणारी ही पद्धत कागदावर कशी वागते, ते एका नमुना निविदेवरून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची रीत अगदी खरी आहे.

पहिला लिफाफा

एका नगरपरिषदेने गटार योजनेच्या सल्लागारासाठी निविदा काढली. वजन 70:30. तांत्रिक प्रस्तावाला 100 गुण: पूर्वीच्या कामांना 20, कार्यपद्धती आणि वेळापत्रकाला 30, नेमल्या जाणाऱ्या तज्ज्ञांना 50. पात्र ठरायला किमान 70 गुण हवेत. चार कंपन्यांनी निविदा भरल्या. त्यांना अ, ब, क, ड म्हणू.

ई-निविदेत तांत्रिक आणि वित्तीय असे दोन लिफाफे वेगळे भरले जातात, आणि दोन्ही कुलूपबंद असतात. समिती आधी फक्त तांत्रिक लिफाफा उघडते. गुण देऊन होईपर्यंत कोणी किती दर भरला आहे हे समितीतल्या एकालाही ठाऊक नसतं, आणि ते तसंच असायला हवं. या पद्धतीचा सगळा विश्वास या क्रमावर उभा आहे. का, ते थोड्या वेळात दिसेल.

गुण द्यायचे म्हणजे काय करायचं? निविदेत नुसतं 'पूर्वानुभव: 20 गुण' एवढंच लिहिलं असेल तर एक सदस्य 18 देईल, दुसरा 11, आणि दोघांनाही चूक म्हणता येणार नाही. चांगल्या निविदेत मोजपट्टी दिलेली असते: गेल्या सात वर्षांत पूर्ण केलेल्या भुयारी गटार योजनेच्या प्रत्येक कामाला 4 गुण, जास्तीत जास्त पाच कामं, सोबत काम देणाऱ्या संस्थेचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र. आता गुण देणं हे मताचं काम न राहता मोजणीचं होतं. तज्ज्ञांचंही तसंच. टीमलीडरला 15 गुण असतील तर त्यातले 3 शिक्षणाला, 4 एकूण अनुभवाला आणि 8 नेमक्या अशाच कामाच्या अनुभवाला, अशी फोड निविदेतच हवी.

खरी अडचण कार्यपद्धतीच्या 30 गुणांची. तिथे मोजायला प्रमाणपत्रं नसतात, वाचून ठरवावं लागतं. त्यावर रूढ उपाय म्हणजे श्रेण्यांचं वर्णन आधी लिहून ठेवणं. प्रस्तावात या गावाची जमीन, भूजल, अरुंद गल्ल्या यांचा विचार करून टप्पे आखले असतील तर वरची श्रेणी. टप्पे बरोबर आहेत पण कुठल्याही गावाला लागू होतील असे असतील तर मधली. दुसऱ्या शहराचं नाव खोडायचं राहून गेलेला प्रस्ताव आला तर खालची. प्रत्येक सदस्य आपापल्या कागदावर स्वतंत्रपणे गुण देतो आणि प्रत्येक बाबीपुढे एका ओळीत कारण लिहितो. मग सगळ्यांचे कागद शेजारी ठेवले जातात. एकाने 26 आणि दुसऱ्याने 14 दिले असतील तर दोघं आपलं कारण सांगतात. कोणी गुण बदलले तर जुना आकडा, नवा आकडा आणि कारण तिन्ही इतिवृत्तात येतात. शेवटी सरासरी. सदस्यांचे सहीचे मूळ कागद फाइलला लागतात, कारण पुढे कोणी आक्षेप घेतला तर समितीच्या बाजूने तेच बोलतात.

आपल्या निविदेत गुण असे पडले. अ ला 20, 26 आणि 42, एकूण 88. ब ला 16, 24 आणि 40, एकूण 80. क ला 12, 22 आणि 38, एकूण 72. ड ला 8, 20 आणि 36, एकूण 64. ड अपात्र ठरला. त्याचा दराचा लिफाफा उघडलाच जाणार नाही. हे गुण जाहीर करून, आक्षेपांना वेळ देऊन मगच समिती पुढे जाते.

दुसरा लिफाफा

उरलेल्या तिघांचे दर उघडले. अ ने 1 कोटी 20 लाख मागितले, ब ने 96 लाख, क ने 60 लाख. दराचे गुण काढायची सर्वात रूढ रीत अशी: सगळ्यात कमी दराला 100 गुण, आणि बाकीच्यांना त्या कमी दराच्या प्रमाणात. ज्याचा दर दुप्पट, त्याला 50.

| | तांत्रिक गुण | दर (लाख) | दराचे गुण | एकूण (70:30) | क्रमांक |
|---|---|---|---|---|---|
| अ | 88 | 120 | 50 | 76.60 | 2 |
| ब | 80 | 96 | 62.5 | 74.75 | 3 |
| क | 72 | 60 | 100 | 80.40 | 1 |

संगणकावरच्या तक्त्यात हे तीन सूत्रांत बसतं. ब स्तंभात तांत्रिक गुण, क स्तंभात दर धरले तर पहिल्या ओळीची सूत्रं अशी:

```
D2: =100*MIN($C$2:$C$4)/C2
E2: =0.7*B2+0.3*D2
F2: =RANK(E2,$E$2:$E$4)
```

यात एक खोच आहे. अपात्र निविदाकाराची ओळ तक्त्यात ठेवून तिथे दर म्हणून शून्य टाकला आणि सूत्राची कक्षा त्या ओळीपर्यंत वाढवली, तर सगळ्यात कमी दर शून्य ठरतो आणि सगळ्यांचेच दराचे गुण शून्य होतात. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. पण एकाने दर जीएसटी धरून लिहिला आणि बाकीच्यांनी तो सोडून, तर तक्ता बिनतक्रार चुकीचा क्रम दाखवतो. म्हणून तुलना कोणत्या आकड्यावर करायची हे निविदेतच लिहिलेलं असावं लागतं.

आता निकालाकडे पाहा. गुणवत्तेला 70 टक्के वजन होतं, आणि तरी काम मिळालं ते तिघांत सर्वात कमी तांत्रिक गुण असलेल्या क ला. 70 ची रेषा त्याने दोन गुणांनी ओलांडली होती. हे कसं झालं?

वजन कागदावर काहीही असो, निकाल लागतो तो फरकाने. तांत्रिक गुणांत सर्वोच्च 88 आणि सर्वात कमी 72, म्हणजे फरक 16. त्याचे 70 टक्के केले तर 11.2. दराच्या गुणांत फरक 100 आणि 50 चा, म्हणजे 50. त्याचे 30 टक्के केले तरी 15. शेवटच्या बेरजेत दराने पाडलेलं अंतर गुणवत्तेच्या अंतरापेक्षा मोठं निघालं. समित्या तांत्रिक गुण देताना बहुधा हात राखून देतात. पात्र ठरलेले सगळे 70 ते 90 च्या पट्ट्यात गोळा होतात. दराच्या सूत्राला असा संकोच नसतो, ते 50 पासून 100 पर्यंत सरळ पसरतं. त्यामुळे 70:30 म्हणून जाहीर केलेली निविदा प्रत्यक्षात दराची निविदा होऊन बसते, आणि हे कोणी मुद्दाम केलेलं नसतं.

एक प्रमाणपत्र

आता याच तक्त्यात एक लहानशी गोष्ट बदलू. क ने पूर्वानुभवात तीन कामं दाखवली होती, म्हणून 12 गुण. समजा, छाननीत लक्षात आलं की त्यातलं एक प्रमाणपत्र सांडपाण्याच्या गटाराचं नसून पावसाळी नाल्याच्या कामाचं आहे. निविदेत भुयारी गटार योजनेचंच काम हवं असं लिहिलं आहे, म्हणून 4 गुण गेले. क 72 वरून 68 वर आला, अपात्र ठरला, त्याचा दर उघडलाच नाही.

आता काम कोणाला? दुसऱ्या क्रमांकावर अ होता, तेव्हा अ ला, असं वाटेल. पण हिशेब पुन्हा मांडावा लागतो, कारण आता सर्वात कमी दर 96 लाख. ब ला दराचे 100 गुण, अ ला 80. एकूण गुण: अ 85.6, ब 86. काम ब ला. म्हणजे क असताना अ हा ब च्या पुढे होता, आणि क बाहेर पडताच ब हा अ च्या पुढे गेला. अ आणि ब यांच्या प्रस्तावात किंवा दरात तसूभरही बदल झालेला नाही. दराचे गुण सर्वात कमी दराशी बांधलेले असल्यामुळे तिसऱ्याच्या असण्या-नसण्याने पहिल्या दोघांचा क्रम फिरतो. या सूत्राचा हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो अनुभवी निविदाकारांना चांगला ठाऊक असतो. एखादी कंपनी जिंकण्यासाठी न उतरता, अगदी कमी दर भरून दुसऱ्या कोणाचं गणित जुळवायला उतरू शकते, ते याच वाटेने.

दर उघडण्याआधी गुण जाहीर करण्याचा क्रम का पाळायचा, ते आता स्पष्ट होईल. समितीला तिन्ही दर आधी कळले असते, तर पावसाळी नाल्याचं ते एक प्रमाणपत्र ग्राह्य धरायचं की नाही यावरून काम कोणाला जाणार हे तिला ठाऊक असतं. 60 लाख आणि 96 लाखांमधला निर्णय त्या एका कागदावर लटकलेला असतो. दर बंद असताना मात्र तो निर्णय फक्त प्रमाणपत्राबद्दलचा राहतो.

सुधारायचं कुठे

कमी दराच्या या ओढीवर तीन उपाय चालतात, आणि तिन्ही निविदा निघण्याआधी करायचे असतात. पहिला, किमान पात्रतेची रेषा विचारपूर्वक ठेवणं. वरच्या उदाहरणात ती 75 असती तर क चा दर उघडलाच नसता. ज्याला 70 गुण मिळतील त्याच्या हाती हे काम द्यायला आपण खरंच तयार आहोत का, असा प्रश्न रेषा आखताना विचारायचा असतो. तयार नसू, तर रेषा वर न्यायची. दुसरा, श्रेण्या अशा लिहिणं की उत्तम आणि सामान्य प्रस्तावांत गुणांचं खरं अंतर पडेल. तिसरा, फारच कमी दर आला तर काय करायचं हे आधी सांगून ठेवणं. क ने 60 लाखांत पाच तज्ज्ञ दोन वर्षं द्यायचं कबूल केलं असेल, तर त्याच्याकडून महिनावार मनुष्यबळ आणि त्याचा दर लेखी मागवता येतो. तेवढ्या पैशांत ज्येष्ठ अभियंत्याचा पगार निघत नाही असं दिसलं तर दोनच शक्यता उरतात. एक तर तो माणूस साइटवर येणार नाही, किंवा काम मिळाल्यावर त्याच्या जागी दुसरा येईल.

हा दुसरा प्रकार या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. तांत्रिक गुणांतले 50 गुण ज्या तज्ज्ञांच्या नावावर मिळाले, तेच तज्ज्ञ कार्यारंभ आदेशानंतर 'अन्यत्र व्यग्र' होतात. कधीकधी एकाच तज्ज्ञाचा बायोडेटा दोन स्पर्धक प्रस्तावांतही सापडतो. म्हणून बायोडेट्यावर त्या तज्ज्ञाची स्वतःची सही आणि तो या कामासाठी उपलब्ध असल्याची हमी मागतात. माणूस बदलायचा झाला तर बदली तितकीच किंवा जास्त पात्र हवी आणि त्याबद्दल फीत कपात होईल, असं कलम करारात घालतात. ते कलम नसेल तर गुणपत्रकाचा अर्धा भाग सही झाल्या दिवसापासून निरर्थक असतो.

कोर्टाने काय म्हटलं

जाहीर केलेली कसोटी नंतर बदलता येत नाही, हे आपल्याकडे 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं, तेही मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहाच्या निविदेवरून. रमणा शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण हा तो खटला. निविदेत किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक हवा असं लिहिलं होतं. काम मात्र त्या अटीत न बसणाऱ्याला दिलं गेलं. सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतःच मोडता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अर्जदार उशिरा आला होता, त्यामुळे त्याला प्रत्यक्षात काही मिळालं नाही. पण तत्त्व राहिलं, आणि आजही निविदांच्या वादात या खटल्याचा आधार घेतला जातो.

आणि गुणच वादात सापडले तर काय होतं, ते 2005-06 मध्ये दिल्ली आणि मुंबई विमानतळांच्या खासगीकरणात दिसलं. तिथे वजनांची बेरीज नव्हती, रेषा होती: दोन मुख्य तांत्रिक कसोट्यांत प्रत्येकी किमान 80 टक्के, आणि त्यानंतर सरकारला महसुलाचा किती वाटा देणार यावर निकाल. सल्लागारांनी केलेल्या मूल्यांकनात रिलायन्स आणि जीएमआर यांचे दोनच गट रेषेपलीकडे गेले. गुण देण्याच्या रीतीवर सरकारातूनच आक्षेप आले, तेव्हा ई. श्रीधरन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा गट बसवून फेरतपासणी झाली. तिच्यानंतर रिलायन्स रेषेखाली गेली, जीएमआर एकटी उरली. पुढे दिल्ली 45.99 टक्के महसूल वाट्यावर जीएमआरकडे आणि मुंबई 38.7 टक्क्यांवर जीव्हीकेकडे गेली. रिलायन्सने दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2006 मध्ये फेटाळलं. प्रस्ताव तेच, कसोट्या त्याच, तरी मोजणारे हात बदलल्यावर एक गट रेषेच्या या बाजूचा त्या बाजूला गेला. उपकसोट्यांची फोड जितकी सैल, तितकी अशी उलथापालथ सोपी.

न्यायालयं स्वतः गुण द्यायला बसत नाहीत. टाटा सेल्युलरच्या 1994 च्या निकालापासून भूमिका अशी आहे की, निर्णय बरोबर होता का यापेक्षा तो घेण्याची रीत योग्य होती का, हे कोर्ट तपासतं. म्हणजे समितीने 24 ऐवजी 22 गुण का दिले यावर खटला सहसा टिकत नाही. निविदेत नसलेली उपकसोटी नंतर घुसवली, रेषा मध्येच हलवली, किंवा दर उघडल्यावर तांत्रिक गुण बदलले, तर मात्र टिकू शकतो.

तक्ता हाती आला तर

तुमच्या गावच्या पालिकेने असा सल्लागार नेमला असेल, तर महाराष्ट्राच्या mahatenders.gov.in या संकेतस्थळावर मूळ निविदा आणि तिची शुद्धिपत्रकं शोधून पाहा. तांत्रिक आणि वित्तीय मूल्यांकनाचे गोषवारे तिथे नसतील, तर माहिती अधिकारात मागा. सोबत समितीच्या सदस्यांचे सुटे गुणपत्रकही मागा. तक्ता हातात आला की तीन तारखा आणि एक अंतर पाहायचं. कसोट्यांची शेवटची दुरुस्ती कधी झाली, तांत्रिक गुण कधी जाहीर झाले, दर कधी उघडले: या तारखा याच क्रमाने हव्यात. आणि पहिल्या-शेवटच्या तांत्रिक गुणांतलं अंतर दराच्या गुणांतल्या अंतराशेजारी, आपापल्या वजनाने गुणून ठेवायचं. दराचं अंतर मोठं निघालं, तर निविदेवर 70:30 लिहिलेलं असलं तरी निवड दरानेच झाली, असं समजा, आणि पुढच्या निविदेत दर भरण्याच्या मुदतीआधी होणाऱ्या निविदापूर्व बैठकीपर्यंत तो मुद्दा लेखी पोहोचवा. निविदा निघून दर उघडले की सूत्र कोणालाच बदलता येत नाही.